लाइटमावशीचा तीनचा फ्यूज

लाइटमावशी वायरिंग शिकली ती नवऱ्याच्या डोळ्यांपायी. तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, हाताला चांगला, पण चाळिशी उलटल्यावर त्याला रंग ओळखू येईनासे झाले. मोटारसायकलच्या हेडलाइटच्या डोममध्ये पंधरा-वीस वायरी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांची ओळख फक्त रंगावरून पटते. मग तो घरून हिला बोलावून घ्यायचा. ही पदर खोचून गाडीशेजारी उकिडवी बसायची आणि तो विचारायचा, "पिवळ्यावर पट्टी कसली आहे?" ही सांगायची, लाल. पुढं विचारायचा, "ती जाते कुठं?" ही बोट फिरवत फिरवत सांगायची. असं तीन-चार वर्षं चाललं, आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की आता प्रश्न आपण विचारत नाही, तीच विचारते. त्यानं पकड तिच्या हातात दिली आणि स्टुलावर सरकून बसला. तो आजही तिथंच बसतो. डोळ्यांनी आता जेमतेम सावल्या दिसतात, पण वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली पितळी टोपी बोटांनी ओढून पाहण्याचं काम त्याचंच. ओढून सुटली, तर तो ती मुकाट्यानं तिच्यापुढं ठेवतो. तीही ती मुकाट्यानं पुन्हा बसवून देते.

दुकान म्हणजे एक शटर. आत लाकडी फळ्यांवर डबे, भिंतीला वायरीची रिळं, बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी फरशी. बंद पडलेले दिवे लावून देते म्हणून आधी कुणीतरी लाइटवाली मावशी म्हणालं, त्याची लाइटमावशी झाली. तिला ते नाव आवडतं.

एके दिवशी तिच्याकडं एक फिरती नर्स आली. आरोग्य केंद्राची एकोणीस माणसं मोटारसायकलवरून घरोघरी जायची. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, साखर तपासायची. ही नर्स त्यांतली, तिशीची, बोलायला मोकळी. तिचं सगळं काम फोनवर आलं होतं. घराचा रस्ता फोनवर, रोग्याचा कागद फोनवर, डॉक्टरांना विचारायचं तर तेही फोनवर. आठवड्यापूर्वी दुपारीच फोन मेला, आणि डोंगराकडच्या वस्तीत एक घर शोधायला तिला सव्वा तास लागला. साखर उतरलेली एक म्हातारी त्या घरात तिची वाट बघत होती. म्हातारी वाचली, पण नर्स त्या संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवली नाही. तिला गाडीवर फोन चार्ज करायचं सॉकेट हवं होतं, आणि दहा मिनिटांत हवं होतं, कारण बाजारात एक जण दहा मिनिटांत बसवून देत होता.

"दहा मिनिटांत मी सीट काढते," मावशी म्हणाली. "तू गाडी सकाळी ठेव आणि दुपारी ने."

गाडी ठेवली त्या दिवशी नर्सनं रजा टाकली आणि दुकानातच बसून राहिली. बसल्या बसल्या तिनं इतके प्रश्न विचारले, की मावशीला काम करता करता शिकवावं लागलं. आधी मावशीनं मीटर लावलं. गाडी बंद असताना बॅटरी बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवत होती. गाडी चालू करून रेस केल्यावर आकडा सव्वाचौदाच्या आसपास गेला. फोनला लागतात पाच. म्हणजे मधे व्होल्ट उतरवणारं काहीतरी हवं. मावशीनं काड्यापेटीएवढा एक काळा ठोकळा दाखवला. आत बारा ते चोवीसमधलं काहीही घाला, बाहेर पाचच येणार. आतलं सर्किट वीज फार वेगानं तोडत-जोडत राहते, म्हणून फार तापत नाही. जास्तीचे व्होल्ट नुसते जाळून पाच करणारेही असतात, पण ते निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत घालवतात आणि तव्यासारखे तापतात. ठोकळ्याची आतली सगळी पोकळी रसायन ओतून भरलेली होती. पाणी शिरायला जागाच नाही.

मग तिनं जांभळ्या रंगाचा एक चपटा फ्यूज काढला. त्यावर तीन लिहिलं होतं.

नर्स म्हणाली, एवढासा फ्यूज माझा फोन वाचवणार का?

"फोनसाठी नाही तो. वायरीसाठी आहे," मावशी म्हणाली. तिनं हिशेब तोंडीच करून दाखवला. फोन पाच व्होल्टला दोन-सव्वादोन अँपिअर खाणार. पण व्होल्ट उतरवणारा तेवढ्यासाठी बॅटरीकडून जेमतेम एक-सव्वा अँपिअरच मागतो. वायर घातली आहे ती दहा सहज झेलणारी. मधे तीनचा फ्यूज. रोजच्या कामात तो जाणार नाही, आणि वायर कुठं गाडीच्या लोखंडाला टेकली, तर वायर तापायच्या आत हा जाईल. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच बसवायचा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुणीच राखत नाही, तो जितका आखूड तितका बरा.

फ्यूजपुढं तिनं रिले बसवला. म्हणजे चावी फिरवली तरच सॉकेटला वीज, चावी काढली की सगळं मेलेलं. पुढची वायर टाकीखालून, इंजिनपासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवून, गाडीच्या जुन्या वायरींच्या जुडग्याबरोबर बांधत नेली. हँडलच्या मानेपाशी मुद्दाम थोडी सैल सोडली आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा फिरवून पाहिलं, वायर ताणत नाही ना, कुठं चिमटत नाही ना. जोडांवर आतून गोंद असलेली नळी चढवून गरम हवेनं आवळली, गोंद दोन्ही तोंडांतून किंचित बाहेर आला तेव्हा ती पुढं सरकली. ठोकळा हँडलखाली, त्याला लागूनच सॉकेट, तोंड खाली कलतं, वर रबरी टोपण. मागच्या बाजूला वायर शिरते तिथं तिनं वायरीला आधी खाली एक झोल दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोलापाशी ठिबकून जावं, सॉकेटात जाऊ नये. नवऱ्यानं प्रत्येक टोपी ओढून पाहिली. एक परत आली.

शेवटी मावशीनं स्वतःचा जुना फोन लावला. फोन लावलेला असताना पाच व्होल्टला अगदी थोडंसं कमी भरलं. तिचं समाधान झालं. टोपण लावून तिनं वर तांब्याभर पाणी ओतलं आणि पुन्हा मोजलं. नर्सला तिनं दोनच गोष्टी बजावल्या. पाऊस असेल तर टोपण उघडं ठेवून फोन लावायचा नाही, कारण टोपण उघडलं की पाणी अडवायला काहीच उरत नाही. आणि फ्यूज गेला, तर मोठा फ्यूज घालायचा नाही, इकडं यायचं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग आरोग्य केंद्राच्या आवारात एक मोटारसायकल पेटली.

गाडी दुसऱ्या एका नर्सची. उभी होती, चावी काढलेली होती. तिनं औषधांची जड पेटी सीटवर ठेवली आणि पट्टा आवळला, तोच सीटखालून धूर निघाला. रखवालदारानं आग विझवायचा सिलिंडर आणेपर्यंत सीट आणि मागचं सगळं वायरिंग जळून गेलं. कुणाला लागलं नाही, औषधं मात्र गेली. गाडीवर बाजारात बसवलेलं चार्जिंगचं सॉकेट होतं. केंद्राच्या व्यवस्थापकांनी त्याच दुपारी हुकूम काढला, की सर्व गाड्यांवरची सॉकेटं सोमवारपर्यंत काढून टाकावीत, यापुढं कुणीही बसवू नयेत.

तो कागद घेऊन नर्स मावशीकडं आली. तिचा चेहरा उतरला होता. काढून टाका, म्हणाली, आणि वर असंही म्हणाली, की तसंही ते आठवडाभर बंदच आहे. सांगायला यायचं म्हणत होते, वेळ झाला नाही.

मावशी दुखावली. बसवलेलं काम बंद पडलं, हे तिला कुणाच्या तोंडून ऐकायला आवडत नाही. सीट उघडली. फ्यूजच्या डबीचं रबरी झाकण काढून फ्यूज उजेडात धरला. आतली तार तुटलेली होती. नवऱ्याला तिनं ते सांगितलं, तसा तो म्हणाला, "मग टेकलंय कुठंतरी. नवीन काय बसवलंय तिनं?"

नर्सला आधी काही आठवेना. मग आठवलं, की वारा लागतो म्हणून समोर काच बसवून घेतली. मावशीनं हँडलकडं हात नेला. काचेची लोखंडी पकड बसवणाऱ्यानं वायर बाजूला न सारता पकड तिच्यावरच आवळली होती. स्क्रू सैल केल्यावर वायर बाहेर आली ती चपटी होऊन. वरचं प्लास्टिक फाटलेलं, आतलं तांबं चमकत होतं, आणि पकडीवर तिथंच एक बारीक काळा ठिपका होता.

मावशी तो ठिपका बराच वेळ बघत राहिली. मग तिनं नर्सला विचारलं, ती जळलेली गाडी कुठं आहे?

केंद्राच्या मागं, ताडपत्रीखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको आरोग्य केंद्रात गेली. मावशीनं आधी रखवालदाराला विचारून ताडपत्री उचलली. अर्ध्या तासात तिला हवं ते सापडलं. सॉकेटची वायर थेट बॅटरीच्या टोकावरून निघाली होती. ना फ्यूज, ना रिले. सीटखालून, चौकटीच्या धारदार कडेवरून ती तशीच ओढून नेली होती. रोज गाडी हलली की वायर कडेवर घासत होती. शेवटचा पापुद्रा गेला, पेटीच्या वजनानं सीट दबली, आणि तांबं लोखंडाला टेकलं. त्या जागी कडेवर वितळलेल्या तांब्याचा मणी चिकटला होता.

व्यवस्थापक पन्नाशीचे, नेटके, बोलायला सभ्य गृहस्थ. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि आपला निर्णय कायम असल्याचं सांगितलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुम्ही चांगलं काम करत असाल, ते म्हणाले, पण उद्या कुणी बाजारातून बसवून आणेल, आणि ते वरून मला सारखंच दिसेल. बंदी घातली की प्रश्न मिटला. माझ्या आवारात औषधं आहेत, ऑक्सिजनचे सिलिंडर आहेत.

मावशीनं पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक तार तुटलेला जांभळा फ्यूज, दुसरा चपटा झालेला वायरीचा तुकडा.

"साहेब, तुमच्या दोन गाड्यांना एकच आजार झाला होता," ती म्हणाली. "दोन्हींची वायर लोखंडाला टेकली. एक जळाली. दुसरीवर तुमची नर्स आठवडाभर फिरली, आणि तिला पत्तासुद्धा लागला नाही."

व्यवस्थापकांनी फ्यूज उचलून खिडकीकडं धरला. मग म्हणाले, मला यातलं कळत नाही. मावशी म्हणाली, कळायला पाच मिनिटं लागतील, पण अंगणात यावं लागेल.

अंगणात तिनं एका पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू पसरली. शेजारी आपली बॅटरी ठेवली, रखवालदाराला आग विझवायचा सिलिंडर घेऊन जवळ उभं केलं. तोवर ड्यूटीवर निघालेल्या सात-आठ नर्सही थांबल्या. मावशीनं एकाच रिळातले दोन सारखे तुकडे कापले. पहिल्यात तीनचा फ्यूज होता. तिनं त्याचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला जोडलं आणि दुसरं ऋण टोकाला टेकवलं. एक बारीक टिक झालं, एवढंच. तिनं ती वायर व्यवस्थापकांच्या हातात दिली. गार होती.

दुसऱ्या तुकड्यात फ्यूज नव्हता. तो तिनं वाळूवर अंथरला, चामड्याचे हातमोजे चढवले, पकडीत टोक धरलं आणि टेकवलं. दोनपर्यंत मोजायच्या आत प्लास्टिक लिबलिबीत झालं, तीनला धूर निघाला, आणि तिनं टोक झटक्यात उचललं तेव्हा वाळूवर काळी रेघ उमटलेली होती. स्टुलाऐवजी पायरीवर बसलेला नवरा नाक वर करून म्हणाला, "हाच वास होता का त्या दिवशी?" जिची गाडी जळाली ती नर्स गर्दीत होती. तिनं मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "हो. हाच."

व्यवस्थापकांनी वाळूवरची रेघ वाकून पाहिली. मग त्यांनी मावशीला विचारलं, की तुम्हाला एवढी खात्री कशावरून? तुमच्या हातून कधी चूक होतच नाही का?

मावशीनं हातमोजे काढले. नवऱ्याकडं एकदा पाहिलं. ही गोष्ट तिनं आजवर बाहेर कुणाला सांगितली नव्हती.

"मीसुद्धा एक गाडी जाळली आहे, साहेब," ती म्हणाली.

तेव्हा तिच्या हातात पकड येऊन सहाच महिने झाले होते. एका दूधवाल्याच्या स्कूटरला तिनं जादा हॉर्न बसवला. गिऱ्हाईक घाईत, ती नवी, फ्यूजची डबी संपलेली. उद्या या, घालून देते, असं म्हणून तिनं वायर तशीच जोडून दिली. तो उद्या आलाच नाही. आठ दिवसांनी स्कूटरच आली, हातगाडीवर, पुढचा भाग कोळसा झालेली. दूधवाल्याच्या पंजाला भाजलं होतं. नवरा तेव्हा तिला एक शब्दही लावून बोलला नाही. दोघांनी मिळून स्कूटर पुन्हा उभी केली, आणि दूधवाल्याचा हात बरा होईपर्यंत पहाटेचं दूध नवऱ्यानं सायकलवरून घरोघरी घातलं. रस्ता अंधुक दिसायचा, घंटा वाजवत जायचा.

"त्यानंतर फ्यूजशिवाय एक वायर माझ्या दुकानातून बाहेर गेलेली नाही," मावशी म्हणाली. "खात्री म्हणाल तर ती एवढीच."

पायरीवरून नवरा म्हणाला, की दूधवाला अजून हॉर्न वाजवून जातो, आणि तो हॉर्न हिनंच बसवलाय. दोघी-तिघी हसल्या, आणि व्यवस्थापकही.

त्यांनी हुकूम फाडला नाही, तसे ते नव्हतेच. त्यांनी तो बदलला. आत जाऊन कागद पुढं ओढला आणि मावशीला म्हणाले, सांगा, मी लिहितो. मावशीला सांगायची सवय होतीच. तिनं सांगितलं, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असलाच पाहिजे, तीनचा, पाचच्या वर कदापि नाही. चावी बंद केल्यावर सॉकेटमध्ये वीज असता कामा नये. वायर कडेवरून जात असेल तिथं रबरी नळी हवी. सॉकेटला टोपण हवं. आणि शेवटी, गाडीवर नवीन काहीही बसवलं, काच असो की पेटीचा सांगाडा, तर वायर पुन्हा एकदा बघून घ्यायची. हे शेवटचं कलम माझ्यासाठीही आहे, ती म्हणाली. नर्सला दोन गोष्टी बजावल्या, ही तिसरी सांगायची राहिली, ती माझी चूक.

पुढचे दोन आठवडे केंद्राच्या गाड्या एकेक करून तिच्या फरशीवर उभ्या राहिल्या. अकरा गाड्यांवर आधीच सॉकेटं होती, त्यांतल्या सातांना फ्यूज नव्हता. एकीत फ्यूज होता, पण जळालेला, आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवलं होतं. तो कागद मावशीनं चिमट्यानं उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं चाचपून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एका सॉकेटच्या मागं पाणी शिरून हिरवा गंज चढला होता, ते बदलावं लागलं. केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या नर्सनं सॉकेट घ्यायलाच नकार दिला. माझ्या वहीला चार्जिंग लागत नाही, म्हणाली. मावशीनं तिच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा नीट करून दिला. जळलेली गाडी मात्र तिनं सगळ्यांत शेवटी घेतली, कारण तिचं मागचं वायरिंग मुळापासून ओढायचं होतं. ते काम चार दिवस चाललं, आणि त्या चार दिवसांत टोपी एकही परत आली नाही.

काम उरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक स्वतः दुकानात आले. आभाराचं पत्र घेऊन आले होते, ते त्यांनी दिलं. मावशीनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तरी ते जाईनात. इकडचं तिकडचं बोलले, रिळांचे रंग बघितले, मग जरा खाकरून म्हणाले, की बाहेर माझी स्कूटर उभी आहे, मुलीनं गेल्या वर्षी तिच्यावर ते फोनचं सॉकेट बसवून आणलं होतं, बाजारातून. हुकूम काढला तेव्हा माझ्या लक्षातच नव्हतं.

मावशी बाहेर फरशीवर गेली. सीट उचलली, बॅटरीपासून बिनफ्यूजची निघालेली लाल वायर बोटावर घेतली आणि आत येऊन फळीवरची जांभळ्या फ्यूजची डबी खाली काढली.

"बसा," ती म्हणाली. "दुपारपर्यंत होईल."